एक प्रश्न आणि पंधरा मिनिटं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी व्हॅनमध्ये पाय ठेवला की हा सुरू व्हायचा आणि संध्याकाळी उतरेपर्यंत थांबायचा नाही. बोलणं वाईट नव्हतं, उलट फार रंगतदार असायचं. पण कोणी किती वाजले विचारलं, तर घड्याळ कुणी दिलं इथपासून त्याची गोष्ट निघायची. त्याच्याबरोबर व्हॅनमध्ये फिरणारा जोडीदार अबोल होता, म्हणून ती जोडी इतकी वर्षं टिकली असं ऑफिसात गमतीनं म्हणत.

हाताला मात्र त्याच्या यश होतं. अडलेली लिफ्ट त्याच्यासमोर फार वेळ अडून बसत नसे. मशीन रूममध्ये शिरला की तो आधी नुसता कान देऊन उभा राहायचा, आणि दिवसभरात तो गप्प असायचा तेवढाच. मग दोन ठिकाणी हात घालायचा, लिफ्ट चालू. लोक खूश, कंपनी खूश. खूश नसायचा तो हाच.

कारण त्याच इमारतीतून महिन्याभरात पुन्हा बोलावणं यायचं. दार नीट लागत नाही, मजल्याच्या खालीच थांबते, मधेच हिसका देते. हा जायचा, पुन्हा चालू करून यायचा. "अरे, पण हे सारखं का होतंय?" असं त्यानं एकदा मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "किती लवकर चालू केलीस ते सांग. का ते राहू दे." ते 'का' त्याच्या डोक्यात घर करून बसलं. वर्षातून एकदा निरीक्षक यायचे, लिफ्ट तपासायचे, नेमकं तेच 'का' विचारायचे. रेडिओ त्यांच्याकडे हलवायाच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पोरासारखा बघत राहायचा.

चाळिशी उलटली होती. घरी बायको औषधांच्या दुकानात कामाला, दोन मुली शाळेत. एके रात्री जेवताना त्यानं मनातलं सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "मग जा की. कोणी धरून ठेवलंय?"

"असं जाता येतं होय? ते शिकलेले लोक. आपल्यातला कोण तिकडे गेलाय?"

तिकडे गेलेला असा एक माणूस त्याला पुढच्याच आठवड्यात दिसला. लिफ्टचं काम करणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या कामगारांसाठी सुरक्षिततेचं एक व्याख्यान होतं. बोलायला आल्या होत्या निरीक्षण संस्थेच्या प्रमुख बाई. केस पिकलेले, आवाज शांत. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "मी स्वतः सुरुवातीला मेकॅनिक होते. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून ग्रीस लावलंय." सभागृह हसलं. रेडिओ हसला नाही, पुढे सरकून बसला. व्याख्यान संपल्यावर बाईंभोवती साहेबलोकांचं कडं झालं. रेडिओ कडेला उभा राहिला, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंड उघडायला जागा मिळाली नाही. कार्यक्रमाच्या पत्रकावर बाईंचा ईमेल छापलेला होता. तो घेऊन तो घरी आला.

रविवारी त्यानं पत्र लिहायला घेतलं. सकाळी बसला तो दुपारी उठला. पत्रात त्याचं बालपण होतं, वडिलांचं आजारपण होतं, पहिली लिफ्ट होती, बंद पडलेली दुसरी लिफ्ट होती, साहेबांचा अन्याय होता, आणि शेवटी 'आपण मला योग्य ते मार्गदर्शन करून आपल्या संस्थेत सामावून घ्यावे, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' असं होतं. वाचून त्याचेच डोळे भरून आले. बायकोला दाखवलं. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि म्हणाली, "छान आहे. ताईंना दाखवा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. एका मोठ्या कारखान्यात संचालकांची सचिव. साहेबांना येणारं प्रत्येक पत्र आधी तिच्या नजरेखालून जायचं. कुठलं पुढे सरकतं आणि कुठलं 'नंतर बघू'च्या ढिगात कायमचं झोपी जातं, हे तिच्याइतकं क्वचितच कोणाला माहीत असेल.

ताईनं चष्मा लावला, पत्र वरून खाली पाहिलं आणि टेबलावर उपडं ठेवलं.

"वाचलंस?" रेडिओनं विचारलं.

"नाही. त्याही वाचणार नाहीत. अरे, हे पत्र आहे की पोथी?"

"सगळं सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

"त्यांना काय कळायला हवंय? तू सांग. तोंडी. तुला त्यांच्याकडून नक्की काय हवंय?"

"मार्गदर्शन."

"मार्गदर्शन म्हणजे काय? एक तास? नोकरी? ओळखीचं पत्र? असं गोल मागितलं की समोरच्याला वाटतं, हा माणूस गळ्यात पडणार. मग तो हात आखडता घेतो. पाणी हवं असेल तर एक पेला पाणी माग, विहीर कशाला मागतोस?"

रेडिओनं उपडं पत्र उलटून स्वतःच एकदा पाहिलं. मग म्हणाला, "मला एकच कळत नाही. इतकी वर्षं दुरुस्ती केलेला माणूस निरीक्षक झाला, तर त्याला अडचण कशाची येते? पुस्तकातलं मी शिकेन. पण अंगात जे मुरलंय, त्यातलं काय आड येतं? हे त्याच सांगू शकतील. त्या दोन्हीकडे होत्या."

ताईनं चष्मा काढला. "हे कुठंय या पत्रात?"

"ते... नाहीये."

"तेच लिही. बाकी सगळं काढ."

मग दोघं बसले. म्हणजे रेडिओ लिहायचा आणि ताई खोडायची. वडिलांचं आजारपण गेलं. अन्याय गेला. उपकार गेले, तेव्हा रेडिओ जरा हळहळला. नोकरीबद्दल ताई ठाम होती. "पहिल्या भेटीत नोकरी मागितलीस तर त्यांच्याकडे हो किंवा नाही एवढंच उरतं. आणि नाहीच सोपं असतं. त्यापेक्षा माहिती माग. माहिती द्यायला माणसाला आवडतं."

शेवटी एक गोष्ट तिनं स्वतः घातली. ती वाचून रेडिओ चमकला.

"हे काय? आपणच त्यांना नाही म्हणायला शिकवायचं?"

"हो. सरळ दार उघडं ठेवायचं. आमच्या साहेबांना मी बघते ना. ज्याला नाही म्हणणं जड जाईल, त्याला ते उत्तरच देत नाहीत. नाही म्हणायला संकोच वाटत नसेल, तर माणूस हो म्हणायचाही विचार करतो. आणि हे लिहिलंस तर पाळायचं. नुसतं शोभेला लिहायचं नाही."

पत्र झालं ते असं:

'नमस्कार मॅडम. मी लिफ्ट मेकॅनिक आहे. परवाच्या व्याख्यानात तुम्ही स्वतः मेकॅनिक होतात असं म्हणालात, म्हणून लिहितो आहे. मला निरीक्षणाच्या कामाकडे वळायचं आहे. त्याबद्दल तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे: दुरुस्तीच्या कामात लागलेली कोणती सवय निरीक्षक होताना सगळ्यात जास्त आड येते? पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या सोयीनं फोनवर पंधरा मिनिटं बोलता येईल का? मी नोकरी किंवा शिफारस मागत नाही. जमत नसेल तर "जमणार नाही" एवढंच कळवलं तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. उत्तर आलं नाही तर जमत नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. तुमचं व्याख्यान आवडलं.'

खाली नाव आणि फोन नंबर.

"एवढंच?" रेडिओ म्हणाला. त्याला उघडं पडल्यासारखं वाटलं.

"एवढंच. पाठव."

त्यानं पाठवलं. पुढचे दिवस जोडीदाराला व्हॅनमध्ये दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही. आणि मग एका सकाळी, मशीन रूमच्या पायऱ्या चढताना फोन वाजला. उत्तर आलं होतं.

'नमस्कार. सध्या कामाचा फार ताण आहे. जमणार नाही. शुभेच्छा.'

रेडिओ पायरीवरच बसला. जोडीदारानं वाचलं आणि फोन परत दिला. त्या दिवशी व्हॅनमध्ये शांतता होती, आणि ती जोडीदारालाच सोसवेना. "अरे, काहीतरी बोल," तो शेवटी म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं एक शब्द पकडला. "सध्या म्हणाल्यात. म्हणजे नंतर जमेल. पुढच्या महिन्यात परत विचारा."

रेडिओला तेच हवं होतं. त्याच्या बोटांना खाज सुटली होती. निदान प्रश्नाचं उत्तर लिहून तरी पाठवा, दहा मिनिटं तरी द्या, पाच द्या, व्याख्यानाला तर वेळ होता ना. एक मोठा मजकूर त्यानं लिहूनही काढला. पाठवण्याआधी ताईला फोन केला.

ताई म्हणाली, "आपण काय लिहिलं होतं?"

"पुन्हा त्रास देणार नाही."

"मग? दार आपणच उघडं ठेवलं होतं. त्या त्यातून गेल्या. आता पदर धरून मागे ओढायचं का?"

"मग संपलं म्हणायचं सगळं?"

"संपलं कशानं? जगात त्या एकट्याच आहेत का? दुसऱ्या कोणालातरी लिहू. पण त्यांचे आभार मान. एका ओळीत. मला माहीत आहे तुला एक ओळ किती अवघड जाते."

त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं. 'कळवलंत त्याबद्दल आभार, मॅडम. कामाला शुभेच्छा.' एवढं पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. हे त्याला लिफ्ट हातानं वर खेचण्यापेक्षा जड गेलं.

ताईच्या सांगण्यावरून त्यानं आणखी दोन निरीक्षकांना तसंच छोटं पत्र धाडलं. एकाकडून काहीच आलं नाही. दुसऱ्यानं चक्क फोन केला, पण तो थेट पदवी घेऊन लागलेला होता. 'मला कधी दुरुस्ती करावी लागली नाही, मी काय सांगणार?' असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. रेडिओनं त्याचेही आभार मानले. हळूहळू त्याला याची लाज वाटेनाशी झाली होती. मागायचं, 'नाही' आलं तर मान तुकवायची आणि पुढे चालायचं.

आणि एक दिवस, आशा सोडून कामाला लागला असताना, बाईंचाच मजकूर आला.

'तुमचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. चहाला बसलो असताना सहकाऱ्यांना विचारला, तर प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. अजून बोलायची इच्छा असेल तर गुरुवारी दुपारी चार वाजता फोन करा. पंधरा मिनिटं.'

रेडिओनं तो जोडीदाराला मोठ्यानं वाचून दाखवला. मग परत वाचून दाखवला.

गुरुवारी त्यांचं काम एका दवाखान्याच्या इमारतीत होतं. जोडीदारानं स्वतःहून सांगितलं, "मी बघतो वरचं. तू जा." रेडिओ मागच्या अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. काचा वर केल्या. हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. बरोबर चारला फोन लावला.

"नमस्कार मॅडम. वेळ दिलात, आभार. आता बोललं तर चालेल ना?"

"चालेल. बोला."

इथं त्याच्या जिभेवर वडिलांची, पहिल्या लिफ्टची, सगळ्यांची रांग लागली होती. त्यानं ती गिळली. "माझा तोच एक प्रश्न आहे. कोणती सवय आड येते?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "हात."

"हात?"

"तुमचे हात शिवशिवतात. दोष दिसला की मेकॅनिकचा हात आधी जातो आणि डोकं नंतर. सैल स्क्रू दिसला की पिळलाच. आमच्याकडे एक हुशार माणूस आला होता, तुमच्यासारखाच. तपासणीला जायचा आणि जाता जाता बारीकसारीक नीट करून यायचा. अहवाल कोरा. सगळं उत्तम. पुढे एका इमारतीत चालत्या लिफ्टचं दार उघडायला लागलं. दैव बलवत्तर, कोणी पडलं नाही. शोधलं तर त्यानं दर वेळी त्या दाराच्या कुलपाचा स्क्रू पिळून ठेवलेला. पण तो सैल का होतो, हे कोणी पाहिलंच नाही, कारण सैल झाला होता असं कुठं लिहिलेलंच नव्हतं."

ते त्याच्याच मनातलं 'का' होतं, दुसऱ्या बाजूनं आलेलं.

"म्हणजे दिसलं ते लिहायचं आणि हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"धोका असेल तर लिफ्ट बंद करायला लावायची, जबाबदार माणसाला सांगायचं, लिहायचं. दुरुस्ती दुसऱ्यानं करायची. आपणच दुरुस्त केलं, तर आपलंच काम तपासणार कोण? ऐकायला सोपं आहे. मला अंगवळणी पडायला फार काळ गेला."

"याची तयारी आत्ताच्या कामात करता येईल?"

"येईल की. उद्यापासून दुरुस्तीला हात घालण्याआधी थांबा. काय दिसतंय ते आधी कामाच्या कागदावर लिहा. मग करा दुरुस्ती, तुमचं कामच आहे ते. पण आधी लिहा."

रेडिओची नजर घड्याळावर गेली. बाई रंगात आल्या होत्या, तोही आला होता, आणि विचारण्यासारखं अजून डोंगराएवढं शिल्लक होतं. तरी तो म्हणाला, "मॅडम, पंधरा मिनिटं होत आली. मी थांबतो. फार उपयोग झाला."

फोनवर हसल्याचा आवाज आला. "तुम्ही खरंच थांबताय. तेव्हाही थांबलात. नाही म्हटलं की लोक दुसऱ्या मिनिटाला फोन करतात, म्हणून मी हल्ली बहुतेकांना उत्तरच देत नाही. मला अजून पाच मिनिटं आहेत. तुम्हाला आहेत का?"

त्या पाच मिनिटांत बाईंनी आपणहून सांगितलं की शिकाऊ निरीक्षकांची भरती निघते, तिथे प्रत्यक्ष कामाचा अनुभव पदवीइतकाच धरतात, जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते. "अर्ज सगळ्यांसारखा करा. माझं नाव घालू नका, त्याचा फायदा होणार नाही, आणि व्हायलाही नको. परीक्षा घेणारे वेगळे असतात."

"नाही घालणार," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यानं आभाराचा मजकूर पाठवला. 'हात आवरायला आजच सुरुवात केली' एवढंच त्यात जास्तीचं होतं. आणि खरंच केली होती. पहिल्या दिवशी जोडीदाराला वाटलं याला बरं नाही. उघड्या पॅनेलसमोर हा माणूस हात मागे बांधून उभा आणि कागदावर लिहितोय. आठवड्यांमागून आठवडे गेले, तसा दोघांनाही त्याचा नाद लागला. एका इमारतीत दार सारखं बिघडायचं, त्याचं कारण लिहिता लिहिताच सापडलं: उंबऱ्याची पट्टी एका बाजूनं खचली होती. पट्टी बदलली, त्या इमारतीतून बोलावणं येणं बंद झालं.

भरती निघाली. अर्ज गेला. लेखी परीक्षेला मुलींनी त्याची प्रश्नोत्तरं घेतली, बायकोनं नियमांची पारायणं करून घेतली. मग प्रत्यक्ष परीक्षेचा दिवस आला. प्रशिक्षण केंद्रातल्या एका जुन्या लिफ्टची तपासणी करायची होती. परीक्षक उंच, कोरड्या चेहऱ्याचे, हातात कागद लावलेली फळी घेऊन मागे मागे.

रेडिओनं लिफ्टच्या डोक्यावर जाण्याआधी ती तपासणीच्या स्थितीत घातली, म्हणजे कोणी मजल्यावरून बटण दाबलं तरी हलू नये, थांबवायचं बटण काम करतं याची खात्री केली, दोर पाहिले, ब्रेक पाहिला. तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी आला आणि थबकला. कुलपाच्या पट्टीचा स्क्रू बाहेर आला होता. डोळ्यांना ते दिसलं आणि उजवा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत पोचलादेखील.

त्यानं हात रिकामाच बाहेर काढला. वाकून, दिवा धरून पाहिलं आणि लिहायला लागला.

"सैल आहे वाटतं," परीक्षक मागून म्हणाले. "तुम्ही मेकॅनिक आहात ना? दोन फेऱ्यांचं काम आहे. पिळून टाका आणि पुढे चला."

"नाही सर. आज मी दुरुस्तीला आलेलो नाही. दाराचं कुलूप आहे, भरवशाचं नसेल तर लिफ्ट चालवता येणार नाही. मी बंद ठेवायला सांगतो आणि जसं आहे तसं लिहितो. तो सैल का झाला, तेही दुरुस्त करणाऱ्यानं शोधायला हवं."

परीक्षकांनी फळीवर काहीतरी टिपलं. चेहरा होता तसाच कोरडा. बाहेर पडताना मात्र ते म्हणाले, "सकाळपासून पाच जणांनी तो पिळला. दर वेळी मला परत सैल करावा लागला."

निकाल लागला तेव्हा यादीत त्याचा नंबर दुसरा होता. घरी बायकोनं दुकानातून लवकर सुट्टी काढली, मुली शेजारीपाजारी सांगून आल्या. ताई संध्याकाळी आली. रेडिओ तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं. "ऊठ, निरीक्षक. बाईंना कळवलंस का?"

कळवलं होतं. त्यानं त्यांचं उत्तर वाचून दाखवलं: 'अभिनंदन. हे तुमचं तुम्ही मिळवलंत. माझ्या नव्या लोकांना मी आता तुमचाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारते.'

रुजू झाल्यावर काही महिन्यांनी त्यानं एका नऊमजली इमारतीची लिफ्ट बंद केली. ब्रेक उशिरा पकडत होता. सोसायटीचे अध्यक्ष खाली उभे राहून तावातावानं बोलत होते, एक आजोबा जिन्याकडे बघून सुस्कारे टाकत होते. रेडिओनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आजोबांना खुर्ची मागवून दिली, आणि अहवालावर सही केली.

दुरुस्तीची व्हॅन आली. आतून जुना जोडीदार उतरला, हातात पेटी. दारावरचा कागद वाचला, खालची सही वाचली, आणि वळून पाहिलं.

"तू बंद केलीस होय," तो म्हणाला.

"मीच."

"का?"

"वर चल, दाखवतो. पण हात तू घालायचास."

जोडीदार चक्क हसला. आणि दोघं जिन्यानं नऊ मजले चढायला लागले.